मशीन कालचं दूध खातंय

"ताई, तुमचं मशीन कालचं दूध खातंय."

हा फोन मला वाळवा तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्रावरून आला. केंद्रावर बसणाऱ्या मामांना मी एकदा भेटले होते. ज्या अ‍ॅपचं टेस्टिंग करायचं ते अ‍ॅप माणसं कसं वापरतात हे बघायला एक सकाळ त्यांच्या टेबलाशेजारी स्टूल टाकून बसले होते, तेव्हा त्यांनी नंबर घेऊन ठेवला होता. मशीन म्हणजे त्यांचा मोबाइल, आणि खातंय म्हणजे सभासदाची कालची नोंद आज यादीत सापडत नाही. सभासद हातातली पावती दाखवून भांडतो. पावतीवर तारीख बरोबर, लिटर बरोबर, फॅट बरोबर. यादीत मात्र दुसराच आकडा.

मी सांगलीत घरी बसून सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. आधी सहा वर्षं पुण्यात नोकरी केली, आता फ्रीलान्स. हे दुधाचं अ‍ॅप पुण्यातल्या एका छोट्या कंपनीचं. त्यात सभासद क्रमांक टाकायचा, गाय की म्हैस ते निवडायचं, लिटर, फॅट आणि एसएनएफ भरायचं की दर निघतो, पावती छापली जाते आणि दर दहा दिवसांनी बिल तयार होतं. त्यांच्याशी माझा ठराव साधा होता. डेव्हलपरने मान्य केलेल्या प्रत्येक बगमागे तीनशे रुपये. तेव्हा मला हा ठराव फार सोयीचा वाटला होता. जेवढं काम तेवढे पैसे, वाद कशाला?

मामांचा फोन ठेवला आणि लगेच रिपोर्ट लिहिला. शीर्षक होतं, "कालची नोंद कधी कधी गायब होते." खाली दोन ओळी: नोंद करा, दुसऱ्या दिवशी यादी बघा. सोबत मामांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला तिरका फोटो. संध्याकाळी डेव्हलपरचं उत्तर आलं, "ताई, माझ्याकडे होत नाहीये." तिकिटावर शिक्का `Cannot Reproduce`. म्हणजे बग अमान्य, म्हणजे तीनशे रुपये पण नाहीत.

राग आला. मग तोच रिपोर्ट मी त्या मुलाच्या जागेवर बसून वाचला. त्याने काय करायचं होतं? दुपारी अडीच वाजता त्याने एक नोंद केली असेल, दुसऱ्या दिवशी अकराला यादी उघडली असेल, नोंद जागेवर असेल. मी सांगितलं तेवढं त्याने केलं. "कधी कधी" हे दोन शब्द ज्या रिपोर्टमध्ये येतात त्यात टेस्टरने आपलं अर्धं काम डेव्हलपरच्या ताटात ढकललेलं असतं. बग कधीतरी होत नसतो. तो कुठल्यातरी अटीवर होतो आणि ती अट आपल्याला अजून सापडलेली नसते, एवढंच.

अट सापडायला दीड दिवस गेला. आधी मामांकडून ज्यांची तक्रार होती त्या सभासदांच्या पावत्यांचे फोटो मागवले, त्या दिवसाच्या आणि त्याच्या पुढच्या दिवसाच्या. सात पावत्या आल्या. मी लिटर बघितले, फॅट बघितलं, गाय-म्हैस बघितलं, सभासद क्रमांकात काही साम्य आहे का बघितलं. काही जुळेना. पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात वेळ छापलेली असते, तिच्याकडे लक्ष गेलं ते सगळ्यात शेवटी. पुढच्या दिवशीच्या सगळ्या पावत्यांवर वेळ होती ५:१४, ५:२१, ५:२६ अशी. साडेपाचच्या पुढची एकही नाही.

साडेपाच म्हटल्यावर भारतातल्या कुठल्याही टेस्टरच्या डोक्यात घंटा वाजायला हवी. आपली वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. आपल्याकडे मध्यरात्र उलटून नवी तारीख लागते तेव्हा तिकडे संध्याकाळचे साडेसहा असतात, आदल्या दिवसाचे. तिकडची तारीख बदलते आपल्या पहाटे साडेपाचला. तेव्हा मध्यरात्र ते साडेपाच या वेळात अ‍ॅपने चुकून जागतिक वेळेची तारीख उचलली तर ती कालची असणार.

मग "कधी कधी" का? इथे मी बराच वेळ अडकले. रोज पाचलाच येणाऱ्या सभासदांची नोंद रोज एक दिवस मागे सरकत होती, पण सगळ्याच नोंदी मागे सरकल्या की दहा दिवसांची बेरीज जवळपास तीच राहते, आणि रोजच्या याद्या कोण तपासत बसतो! भांडायला येत होते ते वेगळे. काल सहाला आले आणि आज सव्वापाचला आले असे. त्यांची कालची नोंद आधीच कालच्या जागेवर होती, आणि आजची नोंद तिच्यावर जाऊन बसत होती. अ‍ॅप तसं विचारतही होतं, "या सत्राची नोंद आहे. बदलायची?" पण समोर किटल्यांची रांग असताना मामा कुठली पाटी वाचतात! ते "हो" दाबून मोकळे. थंडीत तर केंद्रच पावणेसहाला उघडायचं, त्यामुळे अ‍ॅप सुरू झाल्यापासून तीन महिने हा बग अस्तित्वात असूनही कुणाला भेटलाच नव्हता. उन्हाळा लागला, केंद्र पाचला उघडायला लागलं आणि मशीनला भूक लागली.

(जाता जाता: १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईने आपली जुनी वेळ पुढे कित्येक वर्षं धरून ठेवली होती. ती ३९ मिनिटं मागे होती, म्हणजे जागतिक वेळेच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. आजही तीच चालू असती तर हा बग पहाटे ४:५१ ला संपला असता आणि पाचला उघडणाऱ्या केंद्रावर कधी दिसलाच नसता.)

अंदाज आला, पण अंदाज म्हणजे रिपोर्ट नव्हे. माझ्याकडचे दोन फोन घेतले, लॉगिन केलं आणि मगच फोनची "आपोआप वेळ" बंद करून घड्याळ हाताने फिरवलं. हा क्रम महत्त्वाचा आहे. घड्याळ आधी फिरवलं आणि ते फार लांब गेलं की सुरक्षित कनेक्शनच जुळत नाही, लॉगिन अडतं, आणि आपण भलत्याच चुकीचा पाठलाग करत बसतो. घड्याळ ५:२९ वर ठेवलं, नोंद कालच्या तारखेला गेली. ५:३० वर ठेवलं, आजच्या. सीमा एका मिनिटावर सापडली.

तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण साडेपाच ही वेळ कुणीतरी अ‍ॅपमध्ये मुद्दाम लिहून ठेवलेली असू शकते, सकाळचं सत्र कधी सुरू होतं यासाठी. ते तपासायला मी फोनचा टाइम झोन काठमांडू केला. नेपाळ आपल्या पाव तास पुढे आहे. बग आता ५:४४ ला होत होता आणि ५:४५ ला थांबत होता. मग घानामधलं अक्रा निवडलं, तिथे वर्षभर जागतिक वेळच चालते. तिथे कुठल्याच मिनिटाला बग नाही. म्हणजे सत्राचा काही संबंध नव्हता, फोनची वेळ आणि जागतिक वेळ यांतल्या फरकाचाच हा खेळ होता. शेवटी दुसऱ्या दिवशी पहाटे पाचचा गजर लावून खऱ्या घड्याळावरही एकदा करून बघितलं. खोट्या घड्याळावर सापडलेला बग खऱ्या घड्याळावर दिसला नाही तर आपली शोभा होते, हा स्वानुभव आहे.

दुसरा रिपोर्ट असा गेला. आम्ही दोघंही मराठी, म्हणून मी त्याला मराठीतच लिहिते.

शीर्षक: पहाटे ५:३० च्या आधी केलेली नोंद आदल्या दिवशी जाते; त्या दिवशीची नोंद आधीच असेल तर ती पुसली जाते.

कुठे: बिल्ड १.८.१, अँड्रॉइड १२ आणि १४, दोन्ही फोनवर प्रत्येक वेळी.

आधीची तयारी: लॉगिन करा. त्यानंतर फोनची आपोआप वेळ बंद करा. टाइम झोन भारताचाच ठेवा.

पायऱ्या:
१. घड्याळ १० एप्रिल, सकाळी ६:०० करा. सभासद १२, म्हैस, ४.५ लिटर अशी नोंद करा.
२. घड्याळ ११ एप्रिल, पहाटे ५:२९ करा. त्याच सभासदाची ५ लिटरची नोंद करा.
३. "बदलायची?" असं विचारेल, "हो" दाबा.
४. दोन्ही तारखांची यादी बघा.

व्हायला हवं: १० तारखेला ४.५ लिटर, ११ तारखेला ५ लिटर.

होतं ते: १० तारखेला ५ लिटर, ११ तारीख रिकामी. ४.५ लिटर कुठेच नाही. पावतीवर मात्र तारीख ११ छापली जाते.

सीमा: ५:२९ ला होतं, ५:३० ला होत नाही. टाइम झोन काठमांडू केल्यास सीमा ५:४५ वर जाते.

परिणाम: सभासदाची नोंद कायमची जाते. तारीख १, ११ किंवा २१ असेल तर दूध मागच्या दहा दिवसांच्या बिलात जातं.

डेव्हलपरचं उत्तर वीस मिनिटांत आलं. "दिसलं ताई. सापडलं पण." त्याने ओळ पाठवली:

```
new Date().toISOString().slice(0, 10)
```

तारीख हवी म्हणून वेळेच्या मजकुराची पहिली दहा अक्षरं कापली होती. पण `toISOString()` जो मजकूर देतं तो नेहमी जागतिक वेळेचा असतो. पावती छापणारा भाग दुसऱ्या कुणीतरी लिहिला होता, त्यात फोनची स्थानिक तारीख घेतली होती, म्हणून पावती खरं बोलत होती.

रिपोर्टमध्ये मी कारण लिहिलं नव्हतं हे लक्षात आलं असेल. काठमांडूची ओळ लिहिली, तिच्यातून कारण त्याला दिसलंच. पूर्वी मी कारणंही ठोकून द्यायचे. एकदा "सर्व्हरचा प्रॉब्लेम दिसतोय" असं लिहिलं आणि तो बिचारा पूर्ण दिवस सर्व्हर उकरत बसला. बग फोनमधल्या अ‍ॅपमध्ये होता. तेव्हापासून जे बघितलं ते लिहायचं, आणि जे वाटलं ते लिहायचंच झालं तर वेगळ्या ओळीत, "अंदाज" असं नाव देऊन.

या बगचे मला तीनशे रुपये मिळाले. दीड दिवस, दोन फोन, सात पावत्या, पहाटेचा गजर. त्याच आठवड्यात एका दुपारी मी बटणं वाकडी, "एसएनएफ"चं स्पेलिंग दोन ठिकाणी वेगळं, आडव्या स्क्रीनवर शीर्षक कापलं जातं असले बावीस बग टाकले होते. त्यांचे सहा हजार सहाशे. एका बगमुळे सभासदाचे पैसे बुडत होते आणि बावीस बगमुळे कुणाचं काहीच बिघडत नव्हतं, पण भाव सगळ्यांना एकच. बाजारात हापूस आणि रायवळ एकाच दराने नगावर विकायला ठेवले तर विकणारा काय पिकवेल? मीही तेच पिकवायला लागले होते. एकच चूक तीन स्क्रीनवर दिसली की तीन तिकिटं करायचा मोह होत होता, आणि खरं सांगायचं तर एक-दोनदा केलीही होती. तिकडे डेव्हलपरच्या बाजूला उलटा मोह, "हा बग नाही, असंच ठरलंय" म्हणण्याचा. बग अमान्य झाला की त्याच्या मालकाचे तीनशे वाचतात.

तासावर पैसे हा दुसरा मार्ग मी आधीच्या एका क्लायंटबरोबर करून बघितला होता. दर शुक्रवारी "बुधवारी चार तास कशाला लागले?" याचं उत्तर देत बसावं लागतं. ते नको.

म्हणून या क्लायंटला मी टेस्ट सायकलचा दर दिला. सायकल म्हणजे काय ते आधी कागदावर आणावं लागतं, नाहीतर तो शब्द रबरासारखा ताणला जातो. माझ्या कागदावर सायकल म्हणजे एक बिल्ड, ठरलेले भाग, ठरलेले फोन, त्यावरचे सगळे रिपोर्ट, आणि दुरुस्त्या झाल्यावर रीटेस्टची एक फेरी. शेवटी एक पानी अहवाल, ज्यात काय तपासलं याच्याइतकंच ठळक काय तपासलं नाही तेही लिहिलेलं.

आकडा असा काढला. मला घर चालवायला, फोन बदलत राहायला, इंटरनेटला आणि थोडं मागे टाकायला महिन्याला ४२,००० लागतात. महिन्यात कामाचे दिवस बावीस धरले तर फसगत होते. फ्रीलान्सरचे निम्मे दिवस बोलणी, कोटेशन, बिलाची आठवण करून देणं आणि बिल्डची वाट बघणं यांत जातात. माझ्या दोन वर्षांच्या वहीत पैसे मिळालेले दिवस सरासरी बारा निघाले. ४२,००० भागिले १२, म्हणजे दिवसाला ३,५००.

मग दिवस मोजले. नोंद, बिल, पावती आणि नेट नसताना साठवलेल्या नोंदी नंतर वर जाणं, असे चार भाग, तीन फोन. तयारी अर्धा दिवस, प्रत्यक्ष टेस्टिंग तीन दिवस, रीटेस्ट एक दिवस. आणि दीड दिवस फक्त "कधी कधी"साठी. कोटेशनमध्ये मी त्याला "बगची अट शोधणे व रिपोर्ट" असं नाव दिलं. एकूण सहा दिवस, २१,०००. त्याच बिल्डमध्ये थोडे बदल करून पुढचं बिल्ड आलं की त्याची सायकल साडेतीन दिवसांची, १२,२५०. तयारी झालेली असते आणि फक्त बदललेला भाग खोलात, बाकी वरवर बघायचं असतं.

मालकांचा प्रश्न अपेक्षित होता. "मॅडम, समजा सहा दिवसांत काहीच सापडलं नाही, तर एकवीस हजार कशाचे?"

मी म्हटलं, "सर, तुम्ही विहिरीचं पाणी तपासायला देता. पाणी चांगलं निघालं तर प्रयोगशाळा पैसे परत देते का?"

ते हसले आणि दोन हजार कमी करा म्हणाले. मी पैसे कमी केले नाहीत, तिसरा फोन कमी केला. अर्धा दिवस वाचला, १९,२५० वर ठरलं. दर घासायचा नाही, काम घासायचं, हे मी नोकरीत असताना आमच्या सेल्सवाल्यांकडून शिकले. त्यांचं एवढंच एक घेण्यासारखं होतं.

पहिलीच सायकल चौथ्या दिवशी मोडली. गुरुवारी रात्री नवीन बिल्ड आलं, "फक्त पावतीचा फॉन्ट बदललाय, बाकी काही नाही." मी भलेपणाने तेच टाकून पुढे गेले. शुक्रवारी दुपारी कळलं की पावतीबरोबर दर काढण्याचं सूत्रही बदललं होतं, आणि सोमवारी-मंगळवारी तपासलेली सगळी बिलं आता जुन्या बिल्डची, म्हणजे बाद. एक दिवस माझ्या खिशातून गेला. आता कागदावर एक ओळ वाढली आहे: सायकल चालू असताना बिल्ड बदललं तर जे भाग पुन्हा तपासावे लागतील त्यांचे दिवस वेगळे. आणखी एक: बिल्ड हातात आल्यावर पहिला तासभर नुसतं उघडतं का, लॉगिन होतं का, एक नोंद आणि एक पावती निघते का, एवढंच बघायचं. ते झालं नाही तर सायकल सुरू झालेली नाही, बिल्ड परत. हे तासभराचं काम मी फुकट करते, कारण मोडक्या बिल्डवर दोन दिवस घालवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

रीटेस्टची फेरी दरात का धरावी लागते तेही याच बगने दाखवलं. दुरुस्त बिल्ड आलं. ५:२९ ला नोंद आजच्या तारखेला, काठमांडूवर ५:४४ लाही बरोबर, रात्री ११:५९ आणि १२:०० लाही बरोबर. तिकीट बंद करणार तेवढ्यात सहज पहाटे ५:२० ला घड्याळ ठेवून बिलाचा स्क्रीन उघडला. "आजपर्यंतचं बिल" कालपर्यंतच येत होतं. तीच ओळ तिथेही होती, ती बदलायची राहिली होती. तिकीट पुन्हा उघडलं. पुन्हा दुरुस्ती, पुन्हा रीटेस्ट. ठरली होती एक फेरी, झाल्या दोन. दुसरीचे पैसे मी मागितले नाहीत आणि ते योग्य केलं की नाही याबद्दल अजून माझं मत पक्कं नाही. दुरुस्ती अर्धवट राहिली यात माझा दोष नाही, पण त्या दुसऱ्या रिपोर्टमध्ये "बिलाच्या स्क्रीनवर बघितलेलं नाही" अशी ओळ मी लिहिली असती तर त्याने तिथेही शोधलं असतं. सध्या कागदावर दोन फेऱ्या आहेत आणि तिसरीला अर्ध्या दिवसाचे पैसे.

आणि जुन्या नोंदी? पुसलेले लिटर परत आणणं हे ना टेस्टिंग, ना दुरुस्ती. कंपनीने पावत्या मागवून दोन माणसं बसवली आणि हाताने भरलं. मामा सांगत होते, एका सभासदाने सगळ्या पावत्या पत्र्याच्या डब्यात तारखेनुसार लावून ठेवल्या होत्या. त्याचा हिशोब पहिल्यांदा पूर्ण झाला.

मे महिन्यात मामांचा पुन्हा फोन आला.

"ताई, आता कालचं खात नाही. पण पावती लई फिकी येतीय."

"मामा, रोल बदला. स्वस्तातला आणला असेल."

"बदलला की. तरीबी."

प्रिंटर सायकलमध्ये नव्हता. मी पावतीचा फोटो पाठवायला सांगितला.